नोकरीच्या पोर्टलवर प्रोफाइल सापडते कसे? हुद्दा, कौशल्ये आणि की-वर्ड यांची निवड

नोकरीच्या पोर्टलवर प्रोफाइल भरणारा माणूस बहुधा असे गृहीत धरून चालतो की, आपण लिहिलेले कोणीतरी वाचणार आहे. ते वाचले जाते हे खरे, पण त्याआधी ते सापडावे लागते, आणि सापडण्याचे नियम वाचण्याच्या नियमांहून निराळे आहेत. रिक्रूटर प्रोफाइले चाळत बसत नाही. तो एका फॉर्ममध्ये काही शब्द टाईप करतो, अनुभवाची वर्षे, शहर आणि पगार यांच्या मर्यादा घालतो आणि त्या चाळणीतून जी नावे खाली उरतात तेवढीच पाहतो. त्यामुळे चांगल्या कामाचा दहा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला महिनोन् महिने एकही कॉल येत नाही, यामागे बऱ्याचदा कारण इतकेच असते की, रिक्रूटरने टाईप केलेला शब्द त्याच्या प्रोफाइलमध्ये कुठेच नसतो.

हा विषय सर्व क्षेत्रांना मिळून एकदम समजावता येत नाही, कारण प्रत्येक व्यवसायाचे शब्द वेगळे असतात. म्हणून येथे एकच उदाहरण घेऊन ते तपशिलात पाहू. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत 7 वर्षे काम केलेला, पुरवठादारांकडून येणाऱ्या मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी सांभाळणारा एक मेकॅनिकल अभियंता आहे, असे समजू. ॲल्युमिनियमची कास्टिंग आणि त्यांचे मशीनिंग करणारे पुरवठादार त्याच्याकडे आहेत. नवीन भागाला मंजुरी देण्याची कागदपत्रे, म्हणजे पीपीएपी, तो तपासतो. पुरवठादाराकडे जाऊन ऑडिट करतो. दोषयुक्त माल आला तर मूळ कारण शोधून आठ टप्प्यांचा 8D अहवाल पूर्ण करून घेतो. कंपनीने त्याला दिलेला हुद्दा मात्र `Deputy Executive – Operations` असा आहे.

रिक्रूटर काय टाईप करतो

आपल्याकडे सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या नोकरी डॉट कॉम या पोर्टलची रिक्रूटरसाठी वेगळी, पैसे भरून वापरायची बाजू आहे. तिचे नाव `Resdex`. उमेदवाराला ती कधीच दिसत नाही आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ तिथेच आहे. तिच्यात की-वर्डसाठी एक रकाना असतो. त्यांपैकी काही शब्द अनिवार्य ठरवता येतात, काही शब्द असलेली प्रोफाइले वगळताही येतात आणि हे शब्द संपूर्ण सीव्हीमध्ये शोधायचे की केवळ मथळा व कौशल्यांच्या रकान्यात, हेही निवडता येते. त्याखाली अनुभवाची वर्षे, सध्याचे शहर, वार्षिक पगार, हुद्दा, शिक्षण, नोटिस पिरियड आणि उमेदवार पोर्टलवर शेवटचा केव्हा सक्रिय होता, अशा चाळण्या असतात.

आता हे शब्द येतात कुठून, ते पाहिले पाहिजे. कारखान्यातील गुणवत्ता विभागाचा प्रमुख आपल्या एचआरला दोन ओळींचा निरोप पाठवतो: पुरवठादार गुणवत्तेसाठी माणूस हवा, कास्टिंग आणि मशीनिंगचा अनुभव, पीपीएपी येत असले पाहिजे, 5 ते 8 वर्षे, पुण्यातला, महिन्याभरात रुजू होऊ शकणारा. एचआर हा निरोप स्वतः हाताळतो किंवा एखाद्या कन्सल्टन्सीकडे पाठवतो. कन्सल्टन्सीत बसलेल्या व्यक्तीने कास्टिंगचा साचा बहुधा कधी पाहिलेला नसतो. सकाळी ती बँकेसाठी माणसे शोधते, दुपारी कारखान्यासाठी. ती निरोपातील शब्द जसेच्या तसे उचलते, त्या शब्दांना स्वतःच्या माहितीतली एक-दोन पर्यायी रूपे जोडते आणि शोध चालवते. हाताने लिहिलेला शोध साधारण असा दिसतो:

```
("supplier quality" OR "vendor quality" OR SQA OR SQE)
AND PPAP AND casting
NOT software
```

पहिल्या ओळीतील चारपैकी कोणताही एक शब्द असला तरी चालेल. दुसऱ्या ओळीतील दोन्ही शब्द असलेच पाहिजेत. आणि तिसऱ्या ओळीतील शब्द आढळला तर प्रोफाइल बाद, असा याचा अर्थ. अवतरणचिन्हांत दिलेले शब्द त्याच क्रमाने एकत्र यावे लागतात. काही पोर्टले समानार्थी शब्द स्वतःहून जोडून घेतात आणि ही सोय हळूहळू सुधारतेही आहे, परंतु रिक्रूटरने एखादा शब्द अनिवार्य ठरवला किंवा अवतरणात टाकला की तो शब्द तसाच असावा लागतो, त्याच्या आसपासचा अर्थ असून भागत नाही.

आता आपल्या अभियंत्याचे प्रोफाइल पाहा. हुद्दा वर दिला तोच. मथळ्याच्या जागी मेहनती, उत्साही आणि नामवंत संस्थेत आव्हानात्मक पदाच्या शोधात असल्याचे एक इंग्रजी वाक्य, जे लाखो प्रोफाइलांवर शब्दशः आढळते. कौशल्यांच्या रकान्यात `Quality`, `Leadership`, `Team Player`, `MS Office`, `ISO` आणि `Problem Solving`. वरच्या शोधातील एकही शब्द इथे नाही. पीपीएपीचा उल्लेख जोडलेल्या सीव्हीच्या दुसऱ्या पानावर एकदा आहे, पण शोध केवळ मथळा आणि कौशल्यांपुरता मर्यादित ठेवला असेल तर तो उल्लेख असून नसल्यासारखाच.

हुद्दा: खरा राहून ओळखू येणारा

भारतीय कंपन्यांमध्ये हुद्दे पुष्कळदा श्रेणी दाखवण्यासाठी दिलेले असतात, काम दाखवण्यासाठी नाही. असिस्टंट ऑफिसर, डेप्युटी एक्झिक्युटिव्ह, ज्युनिअर मॅनेजर ग्रेड 2, असोसिएट अशा नावांवरून तो माणूस लेखापाल आहे, गोदाम सांभाळतो की कास्टिंग तपासतो, याचा काहीही बोध होत नाही. रिक्रूटर शोधताना श्रेणी शोधत नाही, काम शोधतो.

मग हुद्द्याच्या रकान्यात बाजारातले नाव सरळ लिहून टाकावे का? माझे मत असे की, यात दोन मर्यादा पाळाव्यात. एक म्हणजे पातळी कधीही वाढवू नये. अभियंत्याने स्वतःला व्यवस्थापक म्हणवले, तर नवीन कंपनी पार्श्वभूमी तपासणीच्या वेळी अनुभवपत्र आणि रिलिव्हिंग लेटर पाहते, जुन्या कंपनीच्या एचआरला विचारते, आणि हुद्द्यातला फरक तिथे उघड होतो. हातात आलेले ऑफर लेटर अशा कारणाने मागे घेतले जाऊ शकते. दुसरी मर्यादा अशी की, श्रेणी तशीच ठेवून तिच्या पुढे प्रत्यक्ष कामाचे नाव जोडावे. आपला अभियंता `Deputy Executive – Supplier Quality` असे लिहू शकतो. श्रेणी खरी आहे, काम खरे आहे, फक्त ‘ऑपरेशन्स’ या अतिव्यापक नावाच्या जागी त्याचे नेमके काम आले आहे. सीव्हीच्या फाईलमध्ये त्याने कंपनीने दिलेला पूर्ण हुद्दा लिहावा आणि त्याच ओळीत आपण कोणते काम करतो तेही लिहावे, म्हणजे तपासणीच्या वेळी खुलासा करत बसावे लागत नाही.

बाजारातील नाव म्हणजे नेमके कोणते, हाही प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. याच कामाला काही कंपन्या सप्लायर क्वालिटी इंजिनिअर म्हणतात, काही व्हेंडर क्वालिटी, काही ठिकाणी `SQA` हे लघुरूप चालते, तर जिथे खरेदी विभागाशी जवळीक आहे तिथे सप्लायर डेव्हलपमेंट किंवा व्हेंडर डेव्हलपमेंट. जुन्या भारतीय कंपन्यांमध्ये ‘व्हेंडर’ हा शब्द रुळलेला आहे आणि परदेशी भांडवलाच्या कंपन्यांत ‘सप्लायर’ अधिक ऐकू येतो, असे माझे निरीक्षण आहे, नियम नव्हे. हुद्द्यात एकच रूप मावते. उरलेली रूपे मथळ्यात, कौशल्यांत आणि कामाच्या वर्णनात वाटून द्यावीत. डेव्हलपमेंटच्या बाबतीत मात्र थोडे सावध राहावे, कारण त्यात नवीन पुरवठादार शोधणे, त्याच्याशी दर ठरवणे ही खरेदीची कामेही येतात. ती केली नसतील तर तो शब्द जोडल्याने खरेदी विभागाचे कॉल येतील आणि पहिल्याच संभाषणात दोघांचाही वेळ वाया जाईल.

दोन क्षेत्रांत दोन अर्थांचे शब्द

`SQA` या लघुरूपात एक गोम आहे. वाहन उद्योगात त्याचा अर्थ पुरवठादाराच्या गुणवत्तेची हमी, तर संगणक क्षेत्रात तीच अक्षरे सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेसाठी वापरली जातात. `QA Engineer` लिहिले की सॉफ्टवेअर टेस्टिंगचे कॉल सुरू होतात. पुण्यात दोन्ही उद्योग मोठे असल्याने हा गोंधळ इथे विशेष जाणवतो. म्हणून लघुरूप एकटे न ठेवता त्याच्या शेजारी पूर्ण रूप लिहावे: `Supplier Quality Assurance – SQA`. यामुळे पूर्ण शब्द शोधणारा आणि लघुरूप शोधणारा, दोघेही पोहोचतात, आणि वाचणाऱ्याच्या मनात शंका राहत नाही.

`SAP` हाही असाच शब्द. आपला अभियंता त्यातील गुणवत्तेचे मॉड्यूल रोज वापरतो, तेव्हा त्याने `SAP QM` असे लिहावे आणि शक्य तर आपण केवळ वापरकर्ता आहोत हेही वर्णनात स्पष्ट करावे. नुसते `SAP` लिहिल्यास ती प्रणाली बसवून देणाऱ्या सल्लागारांच्या शोधात तो सापडेल. दोषनिवारणासाठी वापरला जाणारा `CAPA` हा शब्द वाहन उद्योगात चालतो, पण औषधनिर्मितीत तो कितीतरी अधिक रुजलेला आहे. तो ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या सोबतीला `8D` असला की क्षेत्र ओळखू येते. ‘व्हॅलिडेशन’, ‘ऑडिट’, ‘टेस्टिंग’ हे शब्द तर एकटे असताना जवळपास निरुपयोगी आहेत. लेखापालही ऑडिट करतो आणि पुरवठादाराकडे जाणारा अभियंताही. `Supplier Audit` लिहिले की प्रश्न मिटतो.

वर दिलेल्या शोधातील तिसरी ओळ आठवा. सॉफ्टवेअरवाल्या उमेदवारांची गर्दी टाळण्यासाठी रिक्रूटरने तो शब्दच वगळला आहे. आता अनेक अभियंत्यांच्या सीव्हीत तळाशी एक ओळ असते: `Software: SAP, Minitab, AutoCAD`. शोध संपूर्ण सीव्हीवर चालत असेल तर केवळ त्या एका शीर्षकामुळे अगदी योग्य उमेदवार यादीतून बाहेर फेकला जातो आणि हे त्याला कधीही कळत नाही. तिथे `Tools` लिहिले तर काही बिघडत नाही. प्रत्येक रिक्रूटर असा शब्द वगळतोच असे नाही, परंतु ज्यांच्या लघुरूपाला दोन क्षेत्रांत दोन अर्थ आहेत, त्यांनी आपल्या सीव्हीत दुसऱ्या क्षेत्राचा ठळक शब्द विनाकारण तर आलेला नाही ना, हे एकदा पाहून घ्यावे.

कौशल्यांची यादी कुठून आणायची

कौशल्ये आठवून लिहू नयेत. माणूस आठवायला बसला की स्वतःचे गुण लिहितो आणि शोध मात्र साधनांचा, पद्धतींचा, मानकांचा आणि मालाच्या प्रकारांचा होतो. नेतृत्व, संवादकौशल्य, सांघिक वृत्ती हे गुण कामाचेच आहेत, पण ते मुलाखतीत दिसतात. पुरवठादार गुणवत्तेचा माणूस शोधताना कोणी ‘टीम प्लेअर’ टाईप करत नाही.

त्यापेक्षा आपल्याला हवी आहे तशा पदाच्या पंधरा-वीस जाहिराती उघडाव्यात, शक्यतो आपल्याच शहरातल्या आणि आपल्याच अनुभवाच्या पट्ट्यातल्या. प्रत्येक जाहिरातीतील नामे एका कागदावर लिहून ती किती जाहिरातींत आली याच्या खुणा कराव्यात. जाहिरात आणि रिक्रूटरचा शोध हे दोन्ही त्याच एका निरोपातून जन्मलेले असतात, म्हणून जाहिरातीचे शब्द हेच शोधाचे शब्द असण्याची शक्यता सर्वाधिक. आपल्या उदाहरणात पीपीएपी, एपीक्यूपी, एफएमईए, एमएसए आणि एसपीसी ही पाच मूलभूत साधने, `IATF 16949` हे वाहन उद्योगाचे गुणवत्ता मानक, 8D, पुरवठादार ऑडिट आणि मालाचा प्रकार, हे शब्द पुन्हा पुन्हा येतील. एखाद-दुसऱ्या जाहिरातीतच आलेले शब्द यादीच्या शेवटी ठेवावेत किंवा सोडून द्यावेत.

यादी तयार झाली की तिच्यातील शब्दांची रूपे तपासावीत, कारण संगणक अक्षरे जुळवतो. `PFMEA` लिहिले असेल आणि शोध `FMEA` असा असेल, तर ते जुळेलच असे नाही. म्हणून एक रूप कौशल्यांत आणि दुसरे वर्णनात द्यावे. मानकांची नावे बदलतात हेही लक्षात ठेवावे. `IATF 16949` हे मानक 2016 मध्ये आले आणि त्याने आधीच्या `ISO/TS 16949` ची जागा घेतली. जुन्या निरोपांची नक्कल करत काहीजण आजही `TS 16949` टाईप करतात. ज्याने 2016 पूर्वीपासून काम केले आहे त्याने जुन्या नोकरीच्या वर्णनात जुने नाव तसेच ठेवावे, ते खरेही आहे आणि उपयोगीही. कास्टिंगच्या बाबतीत नुसते `Casting` पुरेसे नाही. उच्च दाबाचे डाय कास्टिंग, ग्रॅव्हिटी डाय कास्टिंग आणि सँड कास्टिंग यांतील दोष वेगळे, साचे वेगळे, आणि माणसे शोधताना हा भेद केला जातो. `High Pressure Die Casting – HPDC` असे पूर्ण लिहावे.

किती कौशल्ये लिहावीत यावर बरेच सल्ले फिरतात. पोर्टल पुष्कळ जागा देते म्हणून ती भरलीच पाहिजे असे नाही. यादीत दिसणाऱ्या निकालात रिक्रूटरला प्रत्येक उमेदवाराचा एक छोटा चौकोन दिसतो: अनुभव, पगार, शहर, सध्याचा आणि आधीचा हुद्दा, शिक्षण आणि काही कौशल्ये, त्यांत त्याने शोधलेले शब्द ठळक केलेले. हा चौकोन तो काही सेकंद पाहतो. तिथे पुरवठादार गुणवत्तेच्या शेजारी `Digital Marketing`, `Python` आणि `Event Management` दिसले, तर उमेदवार बहुगुणी वाटत नाही, गोंधळलेला वाटतो. आपल्या अभियंत्याला पंधरा-सोळा शब्द पुरतात:

```
Supplier Quality, Vendor Quality, Supplier Audit,
PPAP, APQP, FMEA, MSA, SPC, 8D, IATF 16949,
High Pressure Die Casting, Machining, CMM,
SAP QM, Minitab
```

एखादे कौशल्य यादीत ठेवावे की नाही, याची माझी कसोटी साधी आहे: त्यावर सलग तीन प्रश्न विचारले तर उत्तर देता येईल का? पीपीएपी लिहिले असेल तर मुलाखत घेणारा विचारेल की, त्याच्या पाच पातळ्यांपैकी तुम्ही कोणत्या पातळीची कागदपत्रे मागवत होता, शेवटचा कोणता भाग मंजूर केला आणि कोणत्या कारणाने एखादा परत पाठवला. ज्याने हे काम केले आहे तो क्षणात सांगेल की, सर्वसाधारणपणे तिसरी पातळी मागितली जाते. ज्याने फक्त फाईल पाहिली आहे तो अडखळेल. ‘व्हीडीए 6.3’ या जर्मन ऑडिट पद्धतीचे नाव अनेक जाहिरातींत दिसते म्हणून ते उचलून लिहिणे हा असाच मोह आहे. प्रशिक्षण झालेले नसेल तर तो शब्द मुलाखतीपर्यंत नेईल आणि तिथेच सोडून देईल.

मथळा आणि सीव्हीची फाईल

मथळ्याची जागा थोडी असते. नोकरी डॉट कॉमवर 250 अक्षरे. तीत पदाचे नाव, वर्षे, उद्योग, मालाचा प्रकार, दोन-तीन मुख्य साधने आणि शहर एवढे बसते आणि तेवढेच बसवावे:

```
Supplier Quality Engineer - SQE | 7 years, auto components |
Aluminium die casting & machining | PPAP, APQP, 8D,
supplier audit | Pune
```

हे वाक्य म्हणून सुंदर नाही, हे मान्य. पण मथळा शोधात जुळण्यासाठी आणि चौकोनात एका नजरेत कळण्यासाठी असतो. सविस्तर, वाक्यांत लिहिलेली माहिती त्याखालच्या सारांशात द्यावी. तिथे शब्दाला पुरावा जोडावा. ‘पीपीएपीचे ज्ञान’ असे लिहिण्याऐवजी किती पुरवठादार सांभाळले, कोणत्या प्रकारच्या भागांची मंजुरी पूर्ण केली, नाकारल्या जाणाऱ्या मालाचे प्रमाण कितीवरून कितीवर आले, हे स्वतःच्या नोंदींतील खऱ्या आकड्यांनिशी लिहावे. असे लिहिताना की-वर्ड आपोआप दोन-तीन ठिकाणी येतो आणि तेवढा पुरतो. पांढऱ्या अक्षरांत शंभर की-वर्ड लपवण्याची युक्ती अजूनही कोणी कोणी सांगतो. पोर्टल फाईलमधला मजकूर काढून दाखवते तेव्हा ती लपलेली रांग रिक्रूटरला उघडीच दिसते.

सीव्हीची फाईल संगणकाला वाचता येते का, हे मात्र जरूर तपासावे. छापील सीव्हीचा मोबाईलने फोटो काढून त्याची पीडीएफ केलेली असेल, तर त्यात अक्षरे नसतात, चित्र असते, आणि चित्रातला पीपीएपी शोधात जुळेलच याची खात्री नाही. फाईल उघडून सर्व मजकूर निवडावा, कॉपी करावा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करावा. तिथे काहीच उमटले नाही तर फाईल चित्राची आहे. मजकूर उमटला पण दोन स्तंभांतल्या ओळी एकमेकींत मिसळल्या, हुद्दा एका नोकरीचा आणि तारखा दुसऱ्या नोकरीच्या शेजारी गेल्या, तर ती आकर्षक दोन स्तंभी मांडणी सोडून साधी, एकाखाली एक मांडणी घ्यावी.

शब्द जुळूनही बाहेर राहणे

सगळे शब्द नीट असूनही चाळण्यांमुळे प्रोफाइल गळू शकते. पगाराच्या रकान्यात वार्षिक सीटीसीऐवजी हातात येणाऱ्या पगाराचा हिशेब लिहिला, तर माणूस आपल्या खऱ्या पट्ट्याच्या खाली जाऊन बसतो. राजीनामा देऊन नोटिस पिरियडवर असलेल्याने रकान्यात जुना 3 महिन्यांचा कालावधी तसाच ठेवला, तर महिन्याभरात येणारा माणूस शोधणाऱ्याला तो दिसत नाही. शहरांच्या बाबतीत मोठ्या शहराचे नाव द्यावे. चाकण, रांजणगाव ही नावे पत्त्यात ठेवावीत, पण शहर म्हणून पुणेच निवडावे. छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर इथल्या उमेदवारांनी सीव्हीत जुने नावही एकदा लिहावे, कारण बाहेरच्या राज्यातला रिक्रूटर अजूनही `Aurangabad` आणि `Ahmednagar` टाईप करतो. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे, तेव्हा सोबत महाराष्ट्राचे नाव असलेले बरे.

प्रोफाइल रोज अद्ययावत करण्याच्या सल्ल्याविषयीही इथेच बोलले पाहिजे. एखादा पूर्णविराम काढून पुन्हा घालावा, म्हणजे प्रोफाइल वर येते, असे म्हणतात. यात तथ्य इतकेच की, रिक्रूटर अलीकडे सक्रिय असलेल्या उमेदवारांची चाळणी लावतो आणि निकाल ताजेपणानुसार लावून घेऊ शकतो. पण ताजेपणाचा फायदा आधीच जुळलेल्या प्रोफाइलांना होतो. ज्यात पीपीएपी नाही ते प्रोफाइल दररोज अद्ययावत केले तरी पीपीएपीच्या शोधात येणार नाही. आठवड्यातून एक-दोनदा लॉग-इन करणे पुरेसे आहे.

काय चुकते आहे, हे कसे ओळखावे

नोकरी डॉट कॉमवर उमेदवाराला आपले प्रोफाइल किती शोधांत आले आणि रिक्रूटरांनी त्यावर किती कृती केल्या, असे दोन आकडे दिसतात. लिंक्डइनवरही शोधांत किती वेळा आलो याचा आकडा मिळतो. हे आकडे स्वतःशीच ताडून पाहायचे असतात, दुसऱ्याच्या आकड्यांशी नाही, कारण दुर्मिळ पदांचे शोधच मुळात कमी होतात.

शोधांत येण्याचा आकडाच कमी असेल तर शब्द किंवा चाळण्या यांत दोष आहे. हुद्दा, कौशल्ये, शहर आणि पगार यांकडे परत जावे. शोधांत भरपूर वेळा येते पण कोणी उघडत नाही, असे असेल तर शब्द जुळत आहेत, पण चौकोनात दिसणारा हुद्दा आणि मथळा पटत नाही, किंवा आपण भलत्याच शोधांत सापडत आहोत. यांपैकी नेमके काय, हे येणारे कॉल सांगतात. सॉफ्टवेअर टेस्टिंगसाठी कॉल येत असतील तर लघुरूप तपासावे, औषध कंपन्यांचे येत असतील तर `CAPA` आणि ‘व्हॅलिडेशन’, आणि फारच कमी पगाराचे येत असतील तर पगाराचा रकाना व हुद्द्याची पातळी. चुकीच्या कॉलवर वैतागून फोन ठेवण्याऐवजी त्या व्यक्तीला नम्रपणे विचारावे की, कोणता शब्द शोधताना माझे प्रोफाइल दिसले. बरेचजण सांगतात, आणि ही माहिती कोणत्याही सल्ल्यापेक्षा नेमकी असते. एका वेळी एकच बदल करून दोन आठवडे थांबावे. हुद्दा, मथळा आणि कौशल्ये एकाच दिवशी बदलली तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

प्रोफाइल सापडू लागले की ते आपल्या सध्याच्या कंपनीच्या एचआरलाही सापडू शकते. नोकरी डॉट कॉमवर ठरावीक कंपन्यांना आपले प्रोफाइल दिसू नये अशी सोय आहे. वरचे बदल करण्याआधी आपली कंपनी आणि तिच्या समूहातील इतर कंपन्या त्या यादीत घालाव्यात. तुमच्याच कंपनीसाठी माणसे शोधणारी कन्सल्टन्सी मात्र या यादीबाहेर राहते, कारण ती स्वतःच्या नावाच्या खात्यातून शोध घेते. आपली कंपनी कोणत्या कन्सल्टन्सींमार्फत भरती करते हे माहीत असेल, तर त्यांचीही नावे तिथे टाकावीत, फक्त त्यामुळे त्यांच्याकडच्या इतर कंपन्यांच्या जागाही आपल्यापर्यंत पोहोचणार नाहीत हे धरून चालावे.